ओरिएंटेशनच्या दिवशी आठ बॅच, चार वेळा आणि एक न गोठवलेला फॉर्म्युला

ज्यांना बसमध्ये, लेक्चरमध्ये किंवा घरी सगळे झोपल्यावर ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलताना दोनदा सांगितलेलं इथे एकदाच ठेवलंय आणि फॉर्म्युले नीट टाईप केलेत, कारण ते कानानं कळत नाहीत. गेल्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "दादा, आमच्या कॉलेजात ओरिएंटेशनच्या बॅच पाडायचं काम आमच्यावर आलंय, ते करायचं कसं?" आज फक्त तेवढंच.

आधी माझं या कामाशी नातं काय ते सांगतो. मी २०१९ ला नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला ॲडमिशन घेतली. कॉलेजचं नाव घेत नाही, का ते लगेच कळेल. माझं नाव कॅपच्या तिसऱ्या राउंडला लागलं. मी पेठ तालुक्यातला. पहाटेची एसटी पकडून, घाट ओलांडून पोचलो तर बोर्डावरच्या यादीत माझं नावच नाही. ती यादी दुसऱ्या राउंडनंतर छापलेली होती. गेटवरच्या मुलानं सांगितलं, "कुठल्याही ग्रुपमध्ये बस." मी एका ग्रुपमध्ये गेलो, तिथं खुर्च्या संपलेल्या. दुसऱ्यात गेलो, तिथं हजेरी घेणाऱ्या सरांनी विचारलं, "तुझा नंबर कोणता?" मला नंबरच नव्हता. शेवटी कँटीनमध्ये बसलो आणि दोनच्या गाडीनं घरी गेलो.

त्या दिवशी एका वर्गात महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा अर्ज कसा भरायचा ते सांगितलं होतं. कोणती कागदपत्रं लागतात, बँक खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं, वगैरे. मला ते महिनाभरानं कळलं. माझं खातं जोडलेलं नव्हतं. ते जोडून घ्यायला, मग तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायला जो वेळ गेला, त्यात वडिलांनी पहिला हप्ता उसने घेऊन भरला. एक खुर्ची कमी पडल्याचा एवढा परिणाम होतो.

म्हणून चौथ्या वर्षाला असताना सरांनी "बॅचचं कोण बघतं?" असं विचारलं तेव्हा मीच हात वर केला. आता मी अंबडला एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. कुठलं मशीन, कुठली शिफ्ट, कुठला ऑपरेटर, हेच दिवसभर चालतं. खरं सांगायचं तर तेच काम आहे, फक्त इथं जॉबच्या जागी घाबरलेली अठरा वर्षांची मुलं असतात.

सगळ्यात छोटी खोली शोधा

तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम एआयसीटीईनं सांगितलेला आहे, आणि यूजीसीनं २०१९ मध्ये सगळ्या कॉलेजांसाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. त्यात छोटे गट आणि प्रत्येक गटाला एक मेंटर शिक्षक, अशी कल्पना आहे. पुढचे आठवडे तसे सुरळीत जातात. घोळ होतो तो पहिल्या दिवशी, कारण सगळे एकदम येतात आणि कुणालाच काही माहीत नसतं.

बहुतेक ठिकाणी सुरुवात "मुलं किती?" इथून होते. मीही तशीच केली होती. यादीत २०० नावं होती: कॉम्प्युटरची ९०, मेकॅनिकलची ६२, सिव्हिलची ४८. मी म्हटलं चार बॅच करू, प्रत्येकी ५०. छान गोल आकडा. तेवढ्यात लॅबच्या मामांनी विचारलं, "पन्नास पोरं बसवणार कुठं? मशीन तीसच आहेत."

तिथं डोक्यात प्रकाश पडला. बॅचचा आकार मुलांच्या संख्येवरून ठरत नाही, ज्या खोलीत सगळ्यात कमी जण मावतात तिच्यावरून ठरतो. आमच्या चार जागा होत्या. कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रत्येकानं स्वतः लॉग-इन करून कॉलेजचा ई-मेल सुरू करायचा होता, म्हणजे एका मशीनवर दोघं चालणार नव्हते. वाचनालयात कार्डाचा फॉर्म. वर्कशॉपमध्ये सुरक्षिततेचे नियम आणि एक चक्कर. आणि वर्गखोलीत स्कॉलरशिप आणि मेंटर शिक्षकांची ओळख. लॅब दोन होत्या, प्रत्येकी ३० मशीनच्या. वाचनालयाची अभ्यासिका ६० खुर्च्यांची. वर्गखोल्या मोठ्या होत्या, त्यांची अडचण नव्हती. म्हणजे बॅच जास्तीत जास्त ३० ची.

आता दुसरा प्रश्न. २०० ला ३० नं भागलं तर सात बॅच पुरतात. पण कॅपचा एक राउंड अजून बाकी होता आणि इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागाही भरायच्या होत्या. मी ऑफिसातल्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अजून तीस-चाळीस तरी येतील रे." म्हणून आठ बॅच धरल्या. आठ गुणिले तीस म्हणजे २४० खुर्च्या. यादीतले २०० आठांत वाटले की प्रत्येकी २५, आणि प्रत्येक बॅचमध्ये पाच खुर्च्या मुद्दाम रिकाम्या. त्या पाच खुर्च्यांचं काय होतं ते शेवटी सांगतो. मला विचाराल तर सगळ्या प्लॅनमधला महत्त्वाचा भाग तोच आहे.

पत्ते वाटल्यासारखी वाटणी

आता कोण कुठल्या बॅचमध्ये? सोपी पद्धत म्हणजे यादी नावानं लावायची आणि पंचवीस-पंचवीसचे तुकडे पाडायचे. आपल्याकडे असं केलं की एक बॅच निव्वळ पाटील आणि पवारांची होते. गंमत सोडा, पण त्यात खरी अडचण अशी की शाखा असमान पडतात. एका बॅचमध्ये मेकॅनिकलचे पंधरा, दुसरीत दोन. मग वर्कशॉपमध्ये कुणाला काय सांगायचं ते शिक्षकांना कळत नाही.

त्यापेक्षा पत्ते वाटतो तसं वाटायचं. यादी आधी शाखेनं लावायची, मग पहिला मुलगा बॅच १ ला, दुसरा बॅच २ ला, आठवा बॅच ८ ला, नववा परत बॅच १ ला. प्रत्येक बॅचमध्ये आपोआप कॉम्प्युटरचे अकरा-बारा, मेकॅनिकलचे सात-आठ आणि सिव्हिलचे सहा येतात. गुगल शीटमध्ये पहिली ओळ शीर्षकाची असेल, तर दुसऱ्या ओळीत हे लिहून खाली ओढायचं:

```
=MOD(ROW()-2,8)+1
```

MOD म्हणजे भागाकारातली बाकी. दुसऱ्या ओळीतून दोन वजा केले की शून्य, शून्याची बाकी शून्य, अधिक एक म्हणजे बॅच १. नवव्या ओळीला बॅच ८, दहाव्या ओळीला परत १. इतकंच आहे.

पण फॉर्म्युल्याला माणसं दिसत नाहीत. मेकॅनिकलमध्ये मुली सहाच होत्या. वाटणीत त्या सहा वेगवेगळ्या बॅचमध्ये गेल्या, अगदी "समान". आमच्या वर्गातली एक मैत्रीण शीट बघत होती, ती मेकॅनिकलची. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मला वाटलं होतं अख्ख्या मेकॅनिकलमध्ये मी एकटीच मुलगी आहे. बाकीच्या पाच जणी आहेत हे मला दोन दिवसांनी कळलं." म्हणून आम्ही त्या सहांच्या तीन-तीनच्या दोन जोड्या केल्या, बॅच ३ आणि बॅच ६ मध्ये, आणि त्यांच्या बदल्यात तिथली मेकॅनिकलचीच मुलं दुसरीकडे हलवली. बॅच पंचवीसचीच राहिली. माझं मत विचाराल तर जिथं कुणी खूप कमी संख्येत असतं तिथं समान पसरवणं म्हणजे एकटं पाडणं. तिथं हातानं बदल करायचा.

आणखी एकाच्या पायाला प्लास्टर होतं. ते फॉर्मवर कुठेच नव्हतं, त्याच्या वडिलांनी फोन करून सांगितलं. त्याचं काय केलं ते खोल्यांच्या वेळी येईल.

माझी चूक

आता जी गोष्ट मला आजही आठवली की घाम फुटतो, ती.

बॅच ठरल्या, शीटची पीडीएफ केली, व्हॉट्सॲपवर पाठवली. संध्याकाळी मॅडमनी अकरा नवीन नावं दिली. मी शहाणपणा करून ती नावं शाखेप्रमाणे, आद्याक्षराप्रमाणे योग्य ओळीत घुसवली. शीट नीटनेटकी दिसली पाहिजे ना! मग तपासलं. प्रत्येक बॅचमध्ये २६ किंवा २७. एकदम बरोबर. झोपलो.

रात्री अकराला मेसेज आला, "दादा, माझी बॅच ४ होती, आता लिंकवर ५ दिसतेय. कुठली धरू?" मग आणखी एक. मग दहा-बारा.

काय झालं होतं ते लक्षात आलं का? फॉर्म्युला ओळीच्या क्रमांकावर चालतो. वर एक ओळ घातली की खालची प्रत्येक ओळ एकनं सरकते, आणि प्रत्येकाची बॅच एकनं बदलते. बॅच ४ चा ५ मध्ये, ८ चा १ मध्ये. अकरा ओळी वेगवेगळ्या ठिकाणी घातल्या म्हणजे कुणी तीननं सरकला, कुणी सातनं. नशीब बघा, जे बरोबर आठनं सरकले ते फिरून आपल्याच बॅचमध्ये आले आणि त्यांना काही कळलंच नाही. मी हातानं केलेले बदल तेवढे जागेवर होते. आणि माझी तपासणी हे पकडूच शकत नव्हती, कारण मी फक्त एकूण संख्या मोजत होतो. सगळे चुकीच्या बॅचमध्ये असले तरी संख्या बरोबरच येणार!

त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, वाटणी झाली की लगेच ती गोठवायची. बॅचचा अख्खा कॉलम कॉपी करायचा आणि त्याच जागी Paste special मधून Values only करायचं. फॉर्म्युला गेला, नुसता आकडा राहिला. आता शीट कशीही सॉर्ट करा, ओळी घाला, कुणाची बॅच हलणार नाही. दोन, नवीन नाव नेहमी यादीच्या तळाशी जायचं, मध्ये कधीच नाही. यादी दिसायला वेडीवाकडी झाली तरी चालेल.

आणि तपासणी करायची तर पाठवलेल्या प्रतीशी. पाठवलेली यादी जुनी म्हणून वेगळ्या टॅबमध्ये ठेवायची आणि प्रत्येकाचा अर्ज क्रमांक शोधून दोन्हीकडची बॅच जुळते का ते बघायचं. समजा अर्ज क्रमांक A मध्ये, बॅच B मध्ये, आणि जुन्या टॅबचं नाव old, तर:

```
=B2=VLOOKUP(A2,old!A:B,2,FALSE)
```

FALSE आलं की त्या मुलाला आपण एक सांगितलंय आणि शीट दुसरंच म्हणतेय. नवीन मुलांना #N/A येईल, ते बरोबरच आहे. शोधायचं मात्र अर्ज क्रमांकावरून, म्हणजे EN नं सुरू होणाऱ्या नंबरावरून. नावावरून कधीच नाही. आमच्या यादीत एकाच नाव-आडनावाच्या दोघी होत्या आणि VLOOKUP पहिली सापडली की तिथंच थांबतं. दुसरीला पहिलीचीच बॅच दाखवत होता.

अजून एक, पाठवायच्या यादीत तीनच कॉलम ठेवा: अर्ज क्रमांकाचे शेवटचे अंक, पहिलं नाव, बॅच. ऑफिसातून येणाऱ्या फाइलमध्ये प्रवर्ग, मार्क, मोबाइल सगळं असतं. कॉलम नुसते लपवून शीटची लिंक पाठवली तर ज्याला प्रत करता येते त्याला ते उघडता येतात. वेगळी फाइल करायची.

त्या रात्री मी जुन्या पीडीएफप्रमाणे सगळ्या बॅच परत केल्या आणि नवीन अकरा जणांना यादीतून काढलं. त्यांना कुठं घातलं ते पुढे सांगतो.

खोल्या: चक्रात फिरवायच्या

आठ बॅच, चार जागा, चार वेळा. उद्घाटन सव्वादहाला संपणार. मग १०:३० ते ११:१०, ११:२० ते १२:००, जेवण, १२:४५ ते १:२५ आणि १:३५ ते २:१५. चाळीस मिनिटांचं काम आणि दहा मिनिटं चालायला. सव्वादोनला संपवायचंच होतं, कारण सुरगाणा आणि पेठकडच्या मुलांना त्यानंतर स्टँडवर पोचून गाडी मिळायला हवी. हा नियम मीच घातला होता, कुणी विचारलंही नाही.

आठ बॅचच्या चार जोड्या केल्या: १-२, ३-४, ५-६, ७-८. प्रत्येक वेळी एका जागी एक जोडी. पहिली जोडी लॅबपासून सुरू, दुसरी वाचनालयापासून, तिसरी वर्कशॉपपासून, चौथी वर्गापासून, आणि प्रत्येक जण एकाच दिशेनं पुढे सरकतो. लॅब, वाचनालय, वर्कशॉप, वर्ग, परत लॅब. खो-खोतल्यासारखं नाही, फेर धरल्यासारखं. सगळे एकाच वेळी एकाच दिशेनं हलतात, त्यामुळे कधीही दोन जोड्या एका जागी येत नाहीत. शीटमध्ये B2 ला जोडीचा क्रमांक आणि C1 ला वेळेचा क्रमांक असेल तर:

```
=MOD($B2+C$1-2,4)+1
```

उत्तर १ म्हणजे लॅब, २ वाचनालय, ३ वर्कशॉप, ४ वर्ग. चौथ्या जोडीला पहिल्या वेळी चार, दुसऱ्या वेळी एक. म्हणजे वर्गातून लॅबमध्ये. बरोबर.

क्रम कुठलाही चालतो असं वाटतं, पण कॅम्पसमधून एकदा चालून बघा. आमचं वर्कशॉप मागच्या बाजूला, पार्किंगच्या पलीकडे आहे. तीस जणांचा घोळका एकट्या माणसापेक्षा जवळपास दुप्पट वेळ घेतो, कारण कुणीतरी पाणी पितं, कुणाची चप्पल तुटते. मी एकटा गेलो तेव्हा चार मिनिटं लागली, बॅचला आठ. दहा मिनिटांत जेमतेम बसलं.

प्रत्येक जागी दोन खोल्या होत्या, विषम बॅचला 'क' आणि सम बॅचला 'ख'. वर्ग 'क' तळमजल्यावर, 'ख' दुसऱ्या मजल्यावर. प्लास्टरवाला मुलगा बॅच ४ मध्ये आला होता. त्याला बॅच ३ मध्ये घेतलं, आणि 'क'च्या सगळ्या खोल्या तळमजल्यावर आहेत ना ते बघितलं. लॅब 'क' वर होती, म्हणून लॅबची 'क' आणि 'ख' नावंच अदलाबदल केली. एका मुलासाठी वेगळा रस्ता काढला असता तर त्याच्यासोबत एक वेगळा माणूस द्यावा लागला असता. असं केल्यामुळे तो आपल्या बॅचसोबतच फिरला.

माणसं: जो कमी मोकळा, तो आधी

इथं दोन प्रकारची माणसं लागतात आणि बरेच जण त्यात गल्लत करतात. एक, बॅचबरोबर चालणारा. तो तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, दिवसभर तीच पंचवीस मुलं सांभाळणारा. दोन, खोलीत थांबणारा शिक्षक, जो प्रत्येक येणाऱ्या बॅचला तेच सांगतो. शिक्षकांनाच बॅचबरोबर फिरवलं तर प्रत्येकाला चारही गोष्टी सांगता याव्या लागतात, आणि वर्कशॉपच्या सरांना स्कॉलरशिपचं विचारून उपयोग नाही.

चालणारे आठ हवे होते, आम्ही दहा घेतले. दोन जादा गेटवर बसले. त्यातला एक अकराच्या आत लागलाच, कारण बॅच ७ चा दादा ताप येऊन घरी गेला.

शिक्षकांचं अवघड होतं. दुसऱ्या वर्षाचे तास चालूच होते. मी आधी ज्यांना सगळा दिवस मोकळा आहे त्यांना भराभर जागा देऊन टाकल्या. शेवटी वर्ग 'ख' उरला आणि हातात दोन शिक्षक, एक बारापर्यंतच मोकळे, दुसऱ्या मॅडम साडेबारानंतरच. नशिबानं ते जुळलं. पहिल्या दोन वेळा सर, नंतरच्या दोन मॅडम. पण दोघंही सकाळचेच मोकळे असते तर माझ्याकडे दुपारसाठी कुणीच नव्हतं, आणि जे दिवसभर मोकळे होते त्यांना मी आधीच वाचनालयात बसवून टाकलं होतं. म्हणून क्रम उलटा हवा. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पर्याय आहेत त्याला आधी बसवायचं, मग ते शिक्षक असोत की खोली. दिवसभर मोकळा माणूस कुठेही बसतो, त्याला शेवटी.

वाचनालयात ग्रंथपाल एकच. दोन बॅचला वेगवेगळं सांगायला त्या दोन जागी असू शकत नव्हत्या. म्हणून जोडी एकत्रच अभ्यासिकेत बसवली. बॅच जास्तीत जास्त ३० ची असल्यामुळे दोन मिळून साठ, आणि खुर्च्याही साठच.

मग सगळं एका लांब यादीत लिहिलं, आठ बॅच गुणिले चार वेळा म्हणजे बत्तीस ओळी. A मध्ये बॅच, B मध्ये वेळ, C मध्ये जागा, D मध्ये खोली, E मध्ये शिक्षक. दुसऱ्या ओळीपासून शेजारच्या कॉलममध्ये:

```
=COUNTIFS(B:B,B2,D:D,D2)>1
```

एकाच वेळी एकच खोली दोनदा दिली असेल तर TRUE येतं. D च्या जागी E घातलं की हेच शिक्षकांसाठी. अभ्यासिकेला आणि ग्रंथपालांना TRUE येणारच, ते आपण जाणूनबुजून केलंय. बाकी कुठंही TRUE नको. मला एका ठिकाणी आला, वर्कशॉपच्या सरांना मी दोन्ही खोल्यांवर लिहिलं होतं. डोळ्यांनी बघून ते कधीच दिसलं नसतं.

गेटवरच्या चाळीस चिठ्ठ्या

आता त्या रिकाम्या खुर्च्या. प्रत्येक बॅचमध्ये पाच, म्हणजे एकूण चाळीस. मी चाळीस चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येकीवर बॅच, बॅचच्या दादा-ताईचं नाव, आणि चारही वेळांच्या खोल्या. एक चिठ्ठी म्हणजे एक खुर्ची. बॅच ३ च्या पाच चिठ्ठ्या संपल्या की बॅच ३ भरली, मग कुणाचा मामा ओळखीचा असला तरी. शीट उघडायची गरज नाही, नेटवर्कची गरज नाही, आणि दोघांनी एकाच वेळी एकच खुर्ची दोघांना दिली असं होऊ शकत नाही, कारण कागद एकच आहे.

पण चिठ्ठ्या द्यायच्या कुठल्या क्रमानं? माझा पहिला विचार, १ पासून. मग मी स्वतःला त्या गेटवर उभं करून बघितलं. पेठच्या गाडीला उशीर झाला, मी सव्वाअकराला आलो. काय चुकलं तर चालेल आणि काय चुकलेलं चालणार नाही? लॅब चुकली तर दुसऱ्या दिवशी लॉग-इन करता येतं. वाचनालयाचं कार्ड कधीही निघतं. स्कॉलरशिपचा वर्ग चुकायला नको.

तो वर्ग कुणाला कधी आहे बघा. जोडी ७-८ ला पहिल्याच वेळी. ५-६ ला दुसऱ्या वेळी. ३-४ ला जेवणानंतर, आणि १-२ ला सगळ्यात शेवटी. म्हणजे साडेदहानंतर आलेल्याला ७ किंवा ८ ची चिठ्ठी देऊन उपयोग नाही, त्याचा वर्ग सुरू होऊन गेला. जेवणाच्या वेळी आलेल्याला फक्त १ ते ४ चालतील. म्हणून चिठ्ठ्या उलट्या वाटायच्या. सकाळी वेळेवर आलेल्यांना आधी ८ आणि ७ च्या, मग ६ आणि ५ च्या, आणि १ ते ४ च्या शक्य तितक्या जपून ठेवायच्या, उशिरा येणाऱ्यांसाठी. सकाळी आलेल्याला कुठलीही बॅच चालते. दुपारी आलेल्याला नाही.

तसंच केलं. आदल्या रात्रीचे ते अकरा जण आणि आणखी पाच, असे सोळा जण साडेदहाच्या आत आले. दहांना ७-८, सहांना ५-६. मग अकरा वाजून गेल्यावर सात आले. चौघांना ५-६ च्या उरलेल्या, तिघांना बॅच ४. दुपारी आणखी चार. एकूण सत्तावीस, तेरा चिठ्ठ्या उरल्या. यादीतले एकवीस जण आलेच नाहीत, बहुधा दुसरीकडे नंबर लागला असावा. त्यांच्या जागा आम्ही भरल्या नाहीत. कोण येणार नाही आणि कोण उशिरा येणार हे दुपारपर्यंत ओळखता येत नाही.

दिवस अगदी सुरळीत गेला असं नाही. वर्कशॉपच्या सरांना मुलांचा उत्साह बघून भरून आलं आणि दुसऱ्या फेरीत त्यांनी सुतारकामाचं प्रात्यक्षिकच सुरू केलं. बॅच ३-४ बारा मिनिटं उशिरा निघाली. मधे जेवण होतं म्हणून निभावलं. नाहीतर चक्रात एक अडकला की मागचा दारात उभा राहतो, त्याच्या मागचाही, आणि उशीर सगळ्यांना वाटला जातो. दुपारी मामांना सांगून वेळ संपायच्या दोन मिनिटं आधी घंटा दिली, आणि चालणाऱ्या दादा-तायांना सांगितलं की सर बोलत असले तरी हात जोडून "सर, निघतो" म्हणायचं आणि निघायचं.

दुपारी आलेल्या चौघांतला शेवटचा एक वाजून वीस मिनिटांनी आला. सुरगाण्याचा, दोन गाड्या बदलून, पिशवीत डबा तसाच. त्यानं विचारलं, "सर, यादीत नाव नाहीये माझं, परत जाऊ का?" मी सर नाही म्हणून सांगितलं आणि त्याला बॅच १ ची चिठ्ठी दिली. १:३५, वर्ग क, तळमजला, डावीकडचं दुसरं दार. पंधरा मिनिटं होती, म्हणून आधी डबा खायला लावला.